दुसरं उद्दिष्ट पहिल्यावर टांगू नका

छोट्या संशोधन अनुदानाचा पहिलाच अर्ज लिहिताना एक चूक हमखास होते: दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर अवलंबून ठेवलं जातं.

समजा, विषय आहे खारवट मातीतले फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू. पहिलं उद्दिष्ट, ते वेगळे करणं. दुसरं, त्यातला सर्वांत चांगला जिवाणू कुंडीत वापरून रोपांची वाढ मोजणं. परीक्षकाच्या मनात लगेच प्रश्न येतो, जिवाणू वाढवण्याच्या पिकोव्हस्काया माध्यमावर वसाहतीभोवती फॉस्फेट विरघळल्याची खूण असलेलं स्वच्छ वलय दिसलंच नाही तर? उरलेला सगळा काळ रिकामा जाईल.

म्हणून दुसरं उद्दिष्ट असं लिहा: ‘जिवाणू-संग्रहातून मिळवलेला, फॉस्फेट विरघळवणारा ज्ञात जिवाणू, मिठाचं प्रमाण वाढवत नेल्यावर, किती फॉस्फेट विरघळवतो हे मोजणे.’ हे काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं. नवे जिवाणू मिळाले की तेही याच प्रयोगात घ्यायचे. अशी दोन उद्दिष्टं छोट्या रकमेला पुरेत, तिसरं घुसडू नका.

अर्जात संशोधनाचं महत्त्व सांगणाऱ्या भागात ‘फॉस्फरस पिकांना आवश्यक आहे’ यावर अर्धं पान घालवू नका, परीक्षकाला ते ठाऊक असतं. उत्तर कोणतंही आलं तरी काय कळेल, ते लिहा. मिठाने क्षमता घटली, तर मीठ सोसणारे जिवाणू शोधण्याला ठोस आधार मिळतो. घटली नाही, तर खारवट शेतात हे जिवाणू अपयशी ठरत असल्यास त्याचं कारण दुसरीकडे, उदाहरणार्थ मातीतल्या इतर जिवाणूंशी होणाऱ्या स्पर्धेत, शोधावं लागेल. पुढचा मोठा अर्ज याच दोन वाक्यांवर उभा राहतो.