आलेला लॉट तपासणीत बसला नाही, तर तो परत कसा करावा

भोसरीच्या शेडमध्ये ४ मार्चला संध्याकाळी टेम्पो लागला. दहा डबे, प्रत्येकात १०० स्टील बुश, मटेरियल ईएन-८, बोअर २५ एच-७, दर ८५ रुपये. ड्रायव्हर घाईत, स्टोअरवाला घाईत, चलनावर शिक्का मारून माल आत. दुसऱ्या दिवशी सकाळी बुशमध्ये नो-गो गेज घातला आणि तो गपकन आत गेला. जायला नको होता.

इथून पुढे काय करायचं, ते या एका लॉटवरूनच सांगतो. आकडे आणि माल बदलेल, कामाची रीत हीच राहते.

शिक्का आधी सुधारा

चलनावर नुसतं "माल मिळाला" असं लिहून सही करू नका. "माल तपासणीच्या अधीन राहून घेतला" असा शिक्का करून घ्या, शंभर-दोनशे रुपयांत होतो. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार आधी न पाहिलेला माल तपासायला वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरत नाहीत. पण पुरवठादार उद्या चलन पुढे करून "घेतलाय की तुम्ही" म्हणालाच, तर हा शिक्का बोलतो.

तोच कायदा तुमच्याविरुद्धही जातो. माल स्वतःचा असल्यासारखा वापरला, किंवा नाकारल्याचं न कळवता वाजवी मुदतीपेक्षा जास्त ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं समजतात. म्हणून शंका आली त्या क्षणी सगळे डबे लाल टॅग लावून बाजूला. "आजचं काम अडलंय, यातले पन्नास बरे बघून घेऊ" हा मोह प्रत्येक शॉपमध्ये होतो, आमच्याकडेही झाला. पन्नास वापरले की भांडणाचं स्वरूपच बदलतं.

तपासणी अशी करा की समोरच्याला ती पुन्हा करता यावी

हजाराच्या लॉटसाठी आम्ही नमुना तपासणीच्या नेहमीच्या तक्त्यातून (आयएस २५००) ८० नग घेतो. आमच्या पीओवर स्वीकार पातळी १ टक्का लिहिलेली असते. त्या तक्त्यात त्याचा अर्थ असा, की ८० पैकी २ पर्यंत खराब निघाले तर लॉट पास, ३ निघाले की लॉट रिजेक्ट. पीओवर असं काही लिहिलेलं नसेल, तर "किती खराब चालतात" यावरच आधी वाद होतो.

८० नग एकाच डब्याच्या वरच्या थरातून काढू नका. आम्ही प्रत्येक डब्यातून आठ काढले, खालून-वरून. ९ नगांत नो-गो गेला. त्यातले २ सहाव्या डब्यातले, ३ सातव्यातले, ३ आठव्यातले आणि १ नवव्यातला. बाकी डब्यांत एकही नाही. हे लिहून ठेवणं फार कामाचं असतं. मशिनवर इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट दुरुस्त करायचा राहिला, तर असा सलग पट्टा निघू शकतो. अर्थात डब्यांचा क्रम म्हणजे मशिनवरचा क्रम असेलच असं नाही. कारण शोधणं पुरवठादाराचं काम. पत्रात तुम्ही फक्त दिसलं तेवढं लिहा.

आता नो-गो गेजबद्दल. पुरवठादाराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, तुमचा गेज घासलाय." हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य असू शकतं. नो-गो प्लग घासून बारीक झाला, तर तो चांगल्या बोअरमध्येही जातो आणि तुम्ही बरा माल नाकारता. म्हणून गेजवर थांबायचं नाही. त्या ९ नगांना मार्करने १ ते ९ नंबर टाका, बोअर गेज सेटिंग रिंगवर शून्य करा आणि प्रत्येकाचं माप घ्या. नग आणि मापाची साधनं दोन-तीन तास एकाच टेबलावर ठेवलेली असावीत. उन्हात तापलेल्या डब्यातला नग थेट मोजला, तर दोन-तीन मायक्रॉनचा फरक तिथेच पडतो.

२५ एच-७ ची मर्यादा २५.००० ते २५.०२१ मिमी. आमची मापं २५.०२४ ते २५.०३८ आली. २५.०२४ वाला नग मर्यादेच्या इतका जवळ होता, की त्यावर कोणीही वाद घालू शकतो. घालू द्या. तो सोडला तरी आठ उरतात, आणि लॉट नाकारायला तीन पुरेत.

पुरावा

फोटोत तीन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत: नगावरचा नंबर, गेजचं रीडिंग आणि लॉटचा टॅग. नुसत्या बुशच्या जवळून काढलेल्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही, तो कुठल्याही बुशचा असू शकतो. शिवाय डबे उघडण्याआधीचा एक फोटो, चलनाचा फोटो आणि गेजच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची प्रत. नऊही नग पिशवीत घालून, वर तारीख आणि सही करून ठेवा. ते लॉटबरोबर परत पाठवायचे नाहीत, निदान पुरवठादाराने ते स्वतः मोजेपर्यंत तरी.

बदली माल की क्रेडिट, हे पत्र लिहिण्याआधी ठरवा

इथे बहुतेक पत्रं घसरतात. "तरी योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलं की समोरचा त्याच्या सोयीची कार्यवाही करतो, म्हणजे बहुतेक वेळा काहीच करत नाही.

पहिला प्रश्न: दोष दुरुस्त होण्याजोगा आहे का? बोअर कमी मापाचा असता, तर पुन्हा मशिनवर चढवून वाढवता आला असता. तो मोठा झालाय, म्हणजे गेलेलं मटेरियल परत येत नाही. त्यामुळे रीवर्कचा विषय संपला. दुसरा प्रश्न: माल कधी हवाय? आमच्या ग्राहकाला १४ मार्चला ६०० नग द्यायचे होते, उरलेले ४०० स्टॉकसाठी होते. म्हणून ६०० नवीन मागायचे आणि ४०० ची ऑर्डर रद्द करायची असं ठरलं. तिसरा प्रश्न: वेळेत आलं नाही तर? त्याचं उत्तर पत्रातच हवं.

खराब डब्यांतले सगळे नग पुरवठादाराच्या खर्चाने निवडून घ्यायचे, असाही एक रस्ता असतो. आमच्या लॉटमध्ये तो मोहात पाडणारा होता, कारण दोष चारच डब्यांत दिसला होता. पण पुरवठादाराची लेखी मंजुरी आल्याशिवाय निवडायला बसू नका. नाहीतर मजुरी तुमची जाते, आणि निवडून वापरलेला माल तुम्ही स्वीकारलेला ठरतो.

पत्र

फोन जरूर करा, संबंध तुटत नाहीत. पण फोनवर थांबू नका. पुरवठादाराची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. ती घेतली नाही, तर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं आणि पैसे द्यायची मुदत तिथून सुरू होते. मुदत चुकली तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आम्ही ६ मार्चला ईमेल पाठवला, तो असा:

> विषय: चलन क्र. २१८, दि. ४ मार्च – बुश २५ एच-७, १००० नग – लॉट नाकारल्याबाबत
>
> नमस्कार साहेब,
>
> वरील चलनाने आलेला १००० नगांचा लॉट आम्ही तपासणीनंतर नाकारत आहोत.
>
> दोष: ड्रॉइंगनुसार बोअर २५.०००–२५.०२१ मिमी हवा. १० डब्यांतून प्रत्येकी ८ असे ८० नग तपासले. ९ नगांत नो-गो गेज गेला. त्यांची मापं २५.०२४ ते २५.०३८ मिमी आहेत (डबा क्र. ६, ७, ८, ९). पीओनुसार ८० पैकी ३ किंवा अधिक नग सदोष असल्यास लॉट अमान्य होतो.
>
> पुरावा: मापांचा तक्ता, ९ नगांचे फोटो आणि गेज व सेटिंग रिंगची कॅलिब्रेशन सर्टिफिकेट सोबत आहेत. ९ नग आमच्याकडे सीलबंद आहेत. ८ मार्चपर्यंत आपला माणूस येऊन मोजू शकतो, येताना आपला गेज आणावा.
>
> मागणी: १) पूर्ण १००० नगांची क्रेडिट नोट, रु. ८५,००० अधिक जीएसटी १५,३००, एकूण रु. १,००,३००. २) ६०० नवीन नग नव्या बिलावर, १२ मार्चपर्यंत, बोअरच्या १०० टक्के तपासणी रिपोर्टसह. उरलेल्या ४०० ची ऑर्डर रद्द समजावी. १२ तारखेपर्यंत माल न आल्यास ६०० ची ऑर्डरही रद्द होईल आणि आम्ही माल दुसरीकडून घेऊ.
>
> लॉट आमच्याकडे न वापरता बाजूला ठेवला आहे. तो १० मार्चपर्यंत आपल्या खर्चाने उचलावा.

"लॉट पूर्ण बोगस आहे" असं कुठेही नाही, ते मुद्दाम. ८० पैकी ९ हे मोजलेलं आहे. हजारांत किती हे आपल्याला माहीत नाही, आणि नाकारण्यासाठी ते माहीत असायची गरजही नाही. शेवटची ओळही फुकटची नाही. रीतसर नाकारलेला माल स्वतः परत पोहोचवायची जबाबदारी, वेगळं ठरलेलं नसेल तर, खरेदीदारावर नसते. नाकारल्याचं कळवलं की पुरे.

माल परत जाताना

८ तारखेला त्यांचा पोरगा स्वतःचा गेज घेऊन आला. पाच नग मोजले, चहा अर्धाच प्याला आणि बाहेर जाऊन फोन लावला. तेवढ्यावर मिटलं.

तरी कागद बाकी होते. आपल्या अकाउंटंटने डेबिट नोट काढली म्हणजे झालं, असं बरेच जण समजतात. जीएसटीच्या हिशेबात विक्रीचं बिल कमी होतं ते पुरवठादाराने काढलेल्या क्रेडिट नोटने. आपली डेबिट नोट हा आपल्या वहीतला कागद. क्रेडिट नोट आली की आपण घेतलेलं इनपुट क्रेडिट तेवढं उलटवायचं. ६०० नगांसाठी "फुकट बदली" असं चलन घेण्याऐवजी नवं बिल मागितलं ते याचसाठी. जुनं पूर्ण रद्द, नवं पूर्ण नवं. सहा महिन्यांनी लेजर जुळवताना डोकं फिरत नाही.

आणि टेम्पो निघण्याआधी रक्कम जीएसटी धरून बघा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिलाची मर्यादा १ लाख आहे. माल ८५,००० चा म्हणून आमचा टेम्पो बिनधास्त निघाला होता, गेटवर वॉचमनने कागद मागितला तेव्हा लक्षात आलं की करासह तो ३०० रुपयांनी मर्यादेबाहेर आहे. पंधरा मिनिटं टेम्पो गेटवर उभा, ई-वे बिल निघालं आणि दहाही डबे गेले.