दुबईचं पार्सल आणि खसखस

नौपाड्यातल्या कुरिअरवाल्याने माझा फॉर्म परत केला. धाकट्या बहिणीला दुबईला पाठवायच्या डब्यावर मी नुसतं ‘फराळ, ५ किलो’ लिहिलं होतं. ‘ताई, तिकडच्या कस्टमवाल्याला फराळ काय कळणार?’

घरी येऊन प्रत्येक पिशवी वेगळी लिहिली: चकली, तळलेला भाजणीचा पदार्थ, १ किलो, ३०० रुपये, घरगुती, भेट म्हणून. हे सगळं इंग्रजीत. घटक लिहिताना अनारशांपाशी हात थांबला. खसखस! यूएईत तिला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. करंजीच्या सारणातही होतीच. (आईला हे पटवणं कस्टमपेक्षा अवघड.) दोन्ही काढले, वजन नि एकूण किंमत पुन्हा मांडली. फॉर्म लगेच घेतला. अनारसे आम्हीच संपवले.