इंडक्शनवर एखादंच भांडं वाजतं? शेगडीला दोष देण्याआधी या चुका टाळा

आमच्या घरात जाड बुडाचं, तीन लिटरचं एक स्टीलचं पातेलं आहे. त्यात पाणी घालून शेगडी 2000 वॉटवर लावली की पाणी कोमट व्हायच्या आतच बारीक, चिरकी शिट्टी सुरू व्हायची. पातेलं उतरवून त्याच जागी बिडाचा तवा ठेवला, आकडा तोच ठेवला, तर पंख्याच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नसे. कॉइल तीच आणि वॉट तेवढेच, म्हणजे फरक होता तो फक्त भांड्याच्या बुडाचा.

तरीही बहुतेक जण सगळ्यात आधी शेगडीवरच संशय घेतात. आवाज आला की शेगडी बिघडली असं समजून ती परत करतात किंवा उघडून बघतात. पहिली चूक ती हीच. म्हणून आधी हा आवाज कुठून येतो ते समजून घेऊ.

काचेखाली तांब्याच्या अनेक बारीक, एकमेकींपासून अलग ठेवलेल्या तारा एकत्र पिळून त्यांची चपटी गुंडाळी केलेली असते. ती म्हणजे कॉइल. तिच्यातून सेकंदाला साधारण वीस ते चाळीस हजार वेळा दिशा बदलणारी वीज जाते. त्यामुळे उभं राहणारं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात प्रवाह निर्माण करतं आणि बूड तापतं. तापवणारं हेच क्षेत्र बुडाला हलकासा धक्काही देत असतं. इतक्या जलद धक्क्यांचा आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचा असतो. पण घरात येणारी वीज 50 हर्ट्झची असेल, तर शेगडीच्या आत तिचे सेकंदाला 100 उंचवटे होतात, आणि बऱ्याच शेगड्यांत ते पूर्ण सपाट केलेले नसतात. त्यामुळे धक्क्यांचा जोर सेकंदाला 100 वेळा वरखाली होतो. आपण ऐकतो ती घूं अशी गुणगुण हीच. वीज 60 हर्ट्झची असेल तिथे हाच आकडा 120 होतो.

शिट्टी मात्र बुडाच्या बांधणीतून येते. बिडाचा तवा एकाच धातूचा, जड आणि अखंड असतो. धक्का बसला तरी त्याच्यात सुटं हलायला काही नसतं. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं सहसा तीन थरांचं असतं: आत गंज न धरणारं स्टील, मध्ये उष्णता पसरवणारं ॲल्युमिनियम आणि बाहेर चुंबक धरणाऱ्या स्टीलचा पत्रा. धक्का मुख्यतः या बाहेरच्या पत्र्याला बसतो. थर एकमेकांना घट्ट धरून असतील तर आवाज दबतो. कुठे पकड सैल असेल तर तो पत्रा ताशाच्या पानासारखा थरथरतो. ॲल्युमिनियमच्या बुडात भोकं असलेली स्टीलची चकती दाबून बसवलेली भांडी तर याबाबत जास्तच वाजरी असतात.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच शेगड्यांत वॉट वाढवले की कॉइलमधल्या विजेची दिशा बदलण्याचा वेग कमी होतो आणि धक्क्याचा जोर वाढतो. म्हणून मोठ्या आकड्यावर शिट्टी जास्त येते आणि मधल्या आकड्यावर तेच भांडं गुमान बसतं.

चुंबक चिकटला म्हणजे भांडं शांत राहील, असं धरून चालणं

चुंबकाची परीक्षा एवढंच सांगते की भांडं तापेल. ते वाजेल की नाही, हे चुंबक सांगू शकत नाही. दुकानात भांडं घेताना ते उलटं करून बुडावर बोटाच्या सांध्याने टकटक करून बघा. ठोस, दबका आवाज आला तर बरं. पोकळ किंवा किणकिणता आवाज आला तर ते भांडं मी तरी घेणार नाही.

कारण न शोधता उपाय करणं

माझ्या पातेल्याचा तपास मी असा केला. अर्धं पातेलं पाणी घेतलं आणि झाकण काढून ठेवलं, कारण झाकण आणि पोकळ मुठी यांचाही खडखडाट होतो. 2000 वर शिट्टी आल्यावर लाकडी उलथन्याने काठ हलकेच खाली दाबला. दाबल्यावर आवाज बदलला असता, तर बूड काचेवर नीट टेकत नाही असं ठरलं असतं. तो जराही बदलला नाही. मग पातेलं गार झाल्यावर उलटं करून बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि उजेडाकडे बघितलं. मधोमध केसाएवढी फट दिसली, ती ठीकच. चांगली भांडी गार असताना मध्ये किंचित आत गेलेली असतात आणि तापली की सपाट होतात. बूड बाहेर फुगलेलं असेल तर मात्र भांडं काचेवर भोवऱ्यासारखं फिरतं आणि वाजतं.

शेवटी आकडा एकेक पायरी खाली आणला. 1600 वर शिट्टी बारीक झाली, 1300 वर थांबली. म्हणजे आवाज थरांतलाच होता. भांडं घातक नव्हतं, फक्त पूर्ण जोरावर वापरण्याजोगं नव्हतं.

आवाज दाबायला लोक बुडाखाली वर्तमानपत्र किंवा फडकं घालतात. हे कृपा करून करू नका. भांड्याचं बूड कागद जळण्याइतकं तापू शकतं. सिलिकॉनच्या चटईने थरथर कमी होते हे खरं, पण काचेखाली कॉइलच्या मध्यभागी तापमान मोजणारा सेन्सर असतो. चटई मध्ये आली की भांडं किती तापलंय हे त्याला उशिरा कळतं. मोठ्या आचेवर आणि तळणीसाठी ती नकोच.

रिकामं भांडं पूर्ण जोरावर तापवणं

गप्प असलेलं भांडं वाजायला लागतं ते बहुतेकदा यामुळे. ॲल्युमिनियम बाहेरच्या स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हळूहळू तापलं तर थर ही ओढाताण सोसतात. रिकामं भांडं 2000 वर ठेवलं, किंवा तापलेलं भांडं थेट गार पाण्याखाली धरलं, की ओढाताण एकदम होते, बूड वाकतं किंवा थर सुटतात. कोरडं तापवायचंच असेल तर मधल्या आकड्याच्या खाली सुरुवात करा आणि एक-दोन मिनिटं द्या.

थर सुटल्याच्या खुणा ओळखता येतात: बुडावर फोड आल्यासारखा फुगवटा, चकतीच्या कडेला काळी फट, धुऊन उलटं ठेवल्यावर त्या फटीतून पाझरणारं पाणी. असं भांडं पुन्हा शेगडीवर चढवू नका. थरांत अडकलेल्या पाण्याची वाफ चकती उडवू शकते.

सगळीच भांडी, अगदी बिडाचा तवाही, तसाच कर्कश वाजत असेल, किंवा भांडं नसतानाही पंखा खरखरत असेल, तर मात्र दोष शेगडीत आहे. मंद आचेवर काही सेकंदांनी येणारी टिकटिक त्यात धरू नका, शेगडी तिथे चालू-बंद होत असते. दोन कॉइलच्या शेगडीवर दोन्ही बाजू चालू असतानाच शिट्टी येत असेल, तर एक बाजू बंद करून बघा. आवाज गेला तर दोन कॉइलच्या वेगांतला फरक कानाला ऐकू येतोय एवढंच, आणि एका बाजूचा आकडा बदलला की बऱ्याचदा तो जातो. खरा दोष वाटला तर प्लग काढून दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो.