ग्रुपवर चुकून आलेली निरर्थक अक्षरं कुणाला न दुखावता कशी काढावीत

सोसायटीचा सहाशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. उद्या सकाळी सहा ते बारा पाणी बंद राहील, अशी सूचना रात्री साडेदहाला पडते. पाच मिनिटांनी एका काकूंच्या नावावरून ‘ररररकक’, ‘jjjkklll’, तीन स्टिकर, एका सेकंदाचा व्हॉइस मेसेज अशी रांग लागते आणि दोन मिनिटांत 37 मेसेज येतात. फोन नातवाच्या हातात आहे. अशा वेळी ‘काढून टाका आणि ताकीद द्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा आहे. ताकीद हेतूला असते आणि इथे हेतूच नाही.

आधी खात्री करा

एकमेकांशेजारच्या कळांची अक्षरं, तेच अक्षर पुन्हा पुन्हा, मेसेजमध्ये एक-दोन सेकंदांचं अंतर, मध्येच स्टिकर: अशी सगळी लक्षणं दिसली तर फोन मुलाच्या हातात, खिशात किंवा ओल्या स्क्रीनसह कुठेतरी पडलेला आहे. लिंक असेल, पैशांची मागणी असेल किंवा तोच मजकूर इतर ग्रुपवरही गेला असेल, तर खातं दुसऱ्याच्या ताब्यात गेल्याची शक्यता धरा. पुढचं काहीही त्याला लागू नाही. सहा आकडी कोड दिसला तर विचार करत बसू नका, आधी डिलीट करा.

मराठी ग्रुपवर आणखी एक प्रकार हमखास येतो. समजा, कुणी संगणकावरून हे पाठवलं:

```
Ep heCr veur
```

हा कचरा वाटतो, पण तो नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डची सवय असलेल्या माणसाने भाषा इंग्रजीवर असताना ‘आज पाणी नाही’ असं टाइप केलं आहे. h म्हणजे प, e म्हणजे काना, v म्हणजे न. ओळखायची खूण अशी: अक्षरांची पुनरावृत्ती नसते, शब्दांमध्ये नीट जागा सोडलेली असते आणि मध्येच एखादं कॅपिटल अक्षर येतं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर थेट पेस्ट केला तरी असाच अगम्य दिसतो. हे मेसेज काढू नका. पाठवणाऱ्याला कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटांच्या आत तोच मेसेज दुरुस्त करता येतो.

मग थांबवा

फोन करा. मेसेज पाठवू नका. मूल तो वाचणार नाही, खिसा तर नाहीच. रिंग वाजली की बहुतेक वेळा कुणीतरी मोठं माणूस फोनकडे येतं. दोनदा करूनही उचलला नाही आणि मेसेज चालूच राहिले, तर ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन दहा मिनिटांसाठी फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असं करा. त्या व्यक्तीला ग्रुपमधून काढू नका. काढल्याची नोंद सगळ्यांना दिसते आणि परत घेतलं तरी ती पुसली जात नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाकडून अशी अक्षरं आली आणि फोनही उचलला जात नसेल, तर ग्रुप राहू द्या, शेजाऱ्यांना दार वाजवायला सांगा.

काढण्याचा टप्पा, इथेच सगळे अडकतात

व्हॉट्सअ‍ॅपवर डिलीट केलेला मेसेज नाहीसा होत नाही. त्याच्या जागी मेसेज डिलीट केल्याची ओळ राहते. अ‍ॅडमिनने काढला तर त्या ओळीत अ‍ॅडमिनचं नावही येतं. म्हणजे तुम्ही उत्साहाने 37 मेसेज काढलेत, की सकाळी सहाशे जणांना काकूंच्या नावाखाली ‘अ‍ॅडमिनने डिलीट केला’ अशा 37 ओळी दिसणार. ज्यांनी मूळ अक्षरं पाहिलीच नाहीत, त्यांना वाटणार की काकूंनी काहीतरी भलतंच लिहिलं होतं. निरुपद्रवी ‘ररररकक’पेक्षा हे कितीतरी वाईट. आणि पाण्याची सूचना जिथे होती तिथेच, 37 ओळींच्या वर, गाडलेली राहते.

म्हणून पहिलं काम म्हणजे सूचना पिन करणं. 24 तास पुरेत. ग्रुपची खरी अडचण तिथेच सुटते.

दुसरं, चार-पाच ओळींचा कचरा असेल तर त्याला हात लावू नका. सकाळच्या सुप्रभातांच्या गर्दीत तो आपोआप वर सरकतो. मोठी रांग असेल, किंवा मुलाच्या हातून एखादा घरातला फोटो गेला असेल, तरच काढा. फोटो मात्र लगेच, कुणाचं नाव दिसेल याची पर्वा न करता.

तिसरं, रांग काढायचीच असेल तर ती पाठवणाऱ्याकडूनच काढून घ्या. मग नुसती मेसेज डिलीट झाल्याची ओळ राहते, त्यात अ‍ॅडमिन येत नाही. त्यांना त्यासाठी साधारण दोन दिवसांची मुदत असते, तेव्हा रात्री अकराला घाई करायला नको. फोनवर शांतपणे सांगा: ‘काकू, पहिल्या मेसेजवर बोट दाबून धरा. आता बाकीच्यांवर एकेकदा टेकवा. वर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह आहे, ते दाबा. आता थांबा, काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढे दोन पर्याय येतात: Delete for everyone आणि Delete for me. दुसरा दाबला गेला, तर मेसेज फक्त काकूंच्या फोनवरून जातो, बाकी सगळ्यांना दिसत राहतो आणि काकूंना तो परत काढता येत नाही, कारण तो त्यांच्याकडे उरलेलाच नसतो. लगेच खाली Undo येतं, पण ते पाचच सेकंद टिकतं. ते हुकलं तर अ‍ॅडमिनलाच काढावं लागतं. अ‍ॅडमिनकडून हीच चूक झाली तर दुसरा अ‍ॅडमिन लागतो. मोठ्या ग्रुपला निदान दोन जागे अ‍ॅडमिन हवेत ते यासाठी.

ग्रुपवर काय लिहावं

एकच ओळ, नाव न घेता: ‘वरची अक्षरं चुकून आली आहेत, काळजीचं कारण नाही. उद्याच्या पाण्याची सूचना पिन केली आहे.’ हसण्याच्या इमोजी टाकू नका, कारण अ‍ॅडमिन हसला की पन्नास जण हसतात. ‘खातं हॅक झालंय’ अशी कुजबुज याच ओळीने थांबते, म्हणून मेसेज काढण्याआधी ही ओळ टाका, नंतर नव्हे.

टेलिग्रामवर असाल तर

इथे उलट आहे. अ‍ॅडमिनने काढलेला मेसेज कसलीही खूण न ठेवता जातो, म्हणून बिनधास्त स्वतःच काढा. धोका वेगळा आहे: डिलीट करताना चौकटीत स्पॅम म्हणून तक्रार करणं, त्या सदस्याचे सगळे मेसेज काढणं आणि त्याला बॅन करणं असे टिकचे पर्याय येतात. तिन्ही रिकामे ठेवा. ‘सगळे मेसेज’वर टिक गेली तर काकूंनी जुन्या काळात टाकलेली इतिवृत्तं आणि फोटोही जातात. काय गेलं ते अ‍ॅडमिनना Recent Actions मध्ये 48 तास पाहता येतं, पण तिथून ग्रुपवर परत आणता येत नाही.

तेच पुन्हा घडलं तर

दुसऱ्या दिवशी खासगीत मदत द्या. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये स्क्रीन पिन करण्याची सोय असते, आयफोनवर तिचं नाव Guided Access. ती लावली की नातवाला कार्टून दिसतं, पण पासकोडशिवाय त्याला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाता येत नाही. अँड्रॉइडवर पिन सोडताना पासकोड मागण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. तो राहिला तर मुलं दोन दिवसांत बाहेर पडायला शिकतात.