३८ ओळींचा तक्ता चार स्लाइडवर

पॉवरपॉइंटमध्ये ३८ ओळींचा तक्ता टाकला आणि तो स्लाइडच्या खाली ओसंडून गेला. आधी मी Header Row वर टिचकी मारून पाहिली. पण ती खूण फक्त पहिल्या ओळीची सजावट बदलते. वर्डमध्ये Repeat Header Rows लावलं की पुढच्या पानावर शीर्षक आपोआप येतं, तसं इथे होत नाही. तक्ता आपल्यालाच तोडावा लागतो.

मग ओळी कापून नव्या स्लाइडवरच्या नव्या तक्त्यात चिकटवल्या. दर स्लाइडला रकान्यांची रुंदी वेगळी झाली, आणि स्लाइड बदलताना आकडे डावीउजवीकडे सरकताना दिसू लागले. हे फार खटकतं.

शेवटी उलटा मार्ग धरला. अख्ख्या तक्त्याची स्लाइड निवडून Ctrl+D तीनदा दाबलं आणि प्रत्येक प्रतीतून नको त्या ओळी काढल्या. शीर्षकाची ओळ, रुंदी, जागा सगळं जसंच्या तसं राहिलं. दहा-दहाचा हट्ट मात्र धरला नाही. एक गट १९व्या ओळीवर संपत होता, म्हणून दुसरी स्लाइड नऊ ओळींवरच थांबवली.

ओळी काढण्याआधी अनुक्रमांकाचा रकाना भरून घेतला होता, त्याचा खरा उपयोग तपासताना झाला: एका स्लाइडचा शेवट १९, तर पुढची २० पासून हवी. पण तिसरी २१ पासून सुरू होत होती. एक ओळ जास्त उडाली होती, ती लगेच सापडली. स्लाइडच्या मथळ्यात ‘३/४, ओळी २०–२९’ असं लिहिलं.