रात्री नाक चोंदलं की झोप कशी मिळवावी

रात्रीचे दोन. उजवी नाकपुडी बंद. तुम्ही डाव्या कुशीवर वळता, पाच-दहा मिनिटांत उजवी मोकळी होते आणि डावी चोंदते. शेंबूड इकडून तिकडे गेला असं वाटतं, पण खरा अडथळा बहुतेक वेळा नाकातल्या सुजेचा असतो. आडवं झाल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या जास्त भरतात, आणि खालच्या बाजूची नाकपुडी आधी बंद होते. म्हणून जोरजोरात शिंकरून काही हाती लागत नाही, उलट कान दुखतात.

झोपण्याआधी अर्धा तास हाताशी ठेवा. सुरुवात वाफेने करा, पण तिच्याकडून फार अपेक्षा नको. शेंबूड थोडा सैल होतो, बरं वाटतं, सूज मात्र फारशी उतरत नाही. गरम पाण्याने अंघोळ केली तरी तेवढंच काम होतं आणि भाजायची भीती नसते. भांड्यानेच वाफ घ्यायची तर ते टेबलावर घट्ट ठेवा, मांडीवर किंवा अंथरुणात नको. लहान मुलांना वाफारा देऊच नका, सांडलेल्या पाण्याने मुलं भाजतात.

मग सलाईन ड्रॉप्स. डोकं मागे झुकवून प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब घाला, एक-दोन मिनिटं थांबा आणि एकेक बाजू हलकेच शिंकरा. झोंबलं तर मिठाचं प्रमाण चुकलंय. घरी करायचं असेल तर उकळून थंड केलेल्या पाव लिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा अर्धा चमचाही भरत नाही इतकं. थेट नळाचं पाणी नाकात घालू नये. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्या.

आता उशी. दोन उशा मानेखाली रचल्या तर मान वाकते आणि डोकं उंच राहूनही सकाळी मानच धरते. त्याऐवजी खांद्यापासून उतार येईल अशी मांडणी करा, म्हणजे पाठीखाली घडी केलेली चादर आणि वर एक उशी. तान्ह्या बाळाला मात्र उशी नको, त्याला पाठीवर सपाटच झोपवा.

एवढ्याने भागलं नाही तर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब सूज खरोखर उतरवतात. गंमत अशी की तीन-पाच दिवसांपलीकडे वापरले तर तेच नाक चोंदवू लागतात. थेंब उतरले की पुन्हा नाक बंद, आणि पुन्हा थेंब! रक्तदाब, काचबिंदू, थायरॉइडचा त्रास किंवा गरोदरपण असेल, किंवा थेंब मुलासाठी हवे असतील, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. मेन्थॉलच्या बामने फक्त गार वाटतं, वाट मोकळी होत नाही. तो नाकात भरू नका, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर असलेलं काही लावू नका.

श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा डोळ्याभोवती सूज आली असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. ताप तीन दिवसांवर टिकला किंवा दहा दिवसांनीही सर्दी हटली नाही, तरीही दाखवून घ्या.