ईएमआयचा तक्ता तपासताना या चुका टाळा

परभणीच्या मावसभावाने पिठाच्या गिरणीसाठी ५ लाखांचं कर्ज घेतलं. व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत ६० महिने. तक्ता माझ्यापुढे ठेवत म्हणाला, "दादा, सगळं बरोबर हाय. व्याज अन् मुद्दल मिळवलं की हप्ता येतोय."

पहिली चूक हीच. ही बेरीज कधी चुकतच नाही, कारण हप्त्यातून व्याज वजा करूनच मुद्दल काढलेलं असतं. तपासायचं असतं ते व्याज कोणत्या रकमेवर लावलंय.

त्याच्या तक्त्यात शिल्लक मुद्दलाचा रकाना नव्हता. हप्ता ११,४५६ आणि पहिल्या महिन्याचं व्याज ५,१५० एवढंच दिसत होतं. वर्षाला १२ म्हणजे महिन्याला १ टक्का, म्हणून पहिल्या व्याजाला शंभरने गुणलं. आले ५,१५,०००! कागद चाळल्यावर कळलं की १५,००० रुपयांचा विम्याचा हप्ता कर्जातच मिळवला होता. त्याला हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं, याचा मला अजून राग आहे. खऱ्या ५ लाखांवर एक्सेलमध्ये हप्ता येतो तो असा:

```
=PMT(12%/12,60,-500000)
```

उत्तर ११,१२२. इथे `12%` ला १२ ने भागायचं राहिलं तर हप्ता ६० हजारांवर जातो, त्यामुळे ती चूक लगेच कळते.

व्याज-मुद्दलाची विभागणी मात्र त्या तक्त्यात बरोबर होती. दुसऱ्या महिन्यात व्याज ५,०८७, मुद्दल ६,३६९. पहिल्या महिन्याचं मुद्दल ६,३०६ होतं, त्याला १.०१ ने गुणलं की हाच आकडा येतो. हप्ता आणि दर तेच असतील तर मुद्दल दरमहा याच पटीने वाढतं. अधूनमधून दोन ओळी अशा ताडून पाहिल्या तरी चूक सापडते.

व्याजाचा रकाना महिनोन्‌महिने ५,००० वरच अडकलेला दिसला, तर मूळ रकमेवर सरसकट, म्हणजे फ्लॅट दराने, व्याज लावलंय असं समजा. तेव्हा हप्ता १३,३३३ होतो आणि घटत्या शिल्लकीवर धरलं तर तो दर सुमारे २०.३ टक्के पडतो. स्वतःच्या एक्सेलमध्येही असंच दिसलं, तर व्याजाच्या सूत्रात मागच्या ओळीच्या शिल्लकीऐवजी पहिलाच सेल `$` लावून बांधला गेलाय का ते बघा.

शेवटच्या ओळीत वीसेक रुपये उरले तर घाबरू नका. ११,१२२.२२ चा हप्ता ११,१२२ केल्याने ६० महिन्यांत साधारण १८ रुपये साचतात, म्हणून शेवटचा हप्ता तेवढा मोठा असतो. हजारांत फरक असेल तर आधी कर्ज हातात पडल्याची तारीख पाहा. पैसे १८ जुलैला मिळाले आणि हप्त्याचा महिना ५ ऑगस्टपासून धरला, तर मधल्या १८ दिवसांचं व्याज २,९५९ रुपये होतं. ते वेगळं घेतलं तर ठीक, पण मुद्दलात मिळवलं तर पहिलं व्याज ५,००० ऐवजी ५,०३० दिसेल.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, द्यावं लागतं. परतफेडीचा तक्ता त्यातच असतो. मावसभावाला मी तेच मागायला लावलं, आणि विम्याचे १५,००० कशासाठी घेतले हेही लेखी विचारायला सांगितलं.